सलूनसाठी गाळा घेतेय: काम चालू असतानाच्या दिवसांचं भाडं मालक माफ करतात का?

कंगवाकात्री

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या सलूनमध्ये उभं राहून कात्री चालवली, आता स्वतःचं काढायचं ठरवलंय. तळमजल्यावरचा एक गाळा आवडला आहे. आधी तिथे कपड्यांचं दुकान होतं. करार तीन वर्षांचा, दरवर्षी ५ टक्के वाढ, पहिले १२ महिने लॉक-इन. मालकांचं म्हणणं, सही झाली की त्या दिवसापासून भाडं सुरू.

आता माझी अडचण. ठेकेदार ३० दिवसांचं काम सांगतोय. तेवढे दिवस गल्ल्यात काहीच येणार नाही, उलट रोज काढून द्यायचंच आहे. वर भाडंही चालू. म्हणून मी दोन महिने भाडं माफ करा म्हणून विचारलं. मालक म्हणाले, "पंधरा दिवस देतो, पुढे काही मागू नका." माणूस तिरसट नाही, पण एवढ्यावरच बोलणं थांबलं.

मी जास्त मागतेय का? की मागायची पद्धत चुकली?

उंटावरून

मागायला लाजायचं कशाला? तीन महिने मागा, दोनवर तुटेल. करारात "पहिले दोन महिने भाडे नाही" एवढी ओळ टाकून घ्या, विषय संपला. माझ्या भावाने असंच केलं. रिकामा गाळा मालकालाही परवडत नाही, हे लक्षात ठेवा.

दोनचार_गोष्टी

ताई, डिपॉझिटमधून भाडं वळतं करून घेऊ नका. आम्ही घर सोडताना शेवटचे दोन महिने तसं केलं, तर मालकाने रंगकामाचे पैसे वेगळे मागितले. खूप वाद झाला. लेखी घ्या सगळं.

कंगवाकात्री

@दोनचार_गोष्टी, माझा प्रश्न सोडतानाचा नाही हो, सुरुवातीचा आहे. दुकान उघडण्याआधी काम चालू असतं त्या दिवसांच्या भाड्याचा. पण लेखी घ्या म्हणालात ते मान्य.

ओसरी

उंटावरून यांची ती एक ओळच पुढे सगळा घोळ घालते. "पहिले दोन महिने" म्हणजे कुठून धरायचे?

एका गाळ्याला तीन वेगळ्या तारखा असतात. सही होते ती एक. किल्ली हातात येऊन गाळा खरोखर रिकामा मिळतो ती दुसरी. भाडं सुरू होतं ती तिसरी. लोक पहिली आणि तिसरी लिहितात, मधली विसरतात. मी बरीच वर्षं दुकानांचे गाळे भाड्याने लावून देण्याचं काम केलं आहे. माफीचे दिवस कमी मिळाले म्हणून रडणारे थोडे पाहिले. मिळालेले दिवस गाळ्याच्या दारातच वाया गेले म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले.

एक उदाहरण सांगतो. औषधाच्या दुकानासाठी गाळा होता. सहीपासून ४५ दिवस माफ, असं ठरलं. सही झाली तेव्हा जुन्या भाडेकरूची कपाटं आतच. ती निघायला ९ दिवस. मग कळलं की वीज मीटरचा मंजूर भार नव्या दुकानाला पुरणार नाही. वाढवायचा अर्ज मालकाच्या सहीशिवाय होत नव्हता आणि मालक गावाला गेलेले. त्यात आणखी १२ दिवस गेले. ४५ मधले २१ दिवस कामाला हातच लागला नाही. मालक म्हणाले, "मी तर ४५ दिवस दिलेच की." कागदावर त्यांचंच खरं होतं.

म्हणून ताई, पंधरा की साठ हा वाद नंतर घाला. आधी हे ठरवून घ्या की दिवस मोजायला सुरुवात ताब्याच्या दुसऱ्या दिवसापासून होईल. आणि ताबा म्हणजे नुसती किल्ली नव्हे. गाळा रिकामा, नळाला पाणी, चालू मीटर आणि तुमच्या कामाच्या नकाशावर मालकाची मंजुरी. यातलं मालकाकडचं काही अडलं तर जितके दिवस अडलं तितके दिवस माफीची मुदत पुढे सरकेल, असं स्पष्ट लिहा. मालकाला यात एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही, म्हणून हे सहसा मान्य होतं. बाकी घासाघीस त्यानंतर.

ओळंबा

मी या कामातला माणूस, म्हणजे ठेकेदारच. ३० दिवस कुणी सांगितले? कपड्यांच्या दुकानाचं पुन्हा कपड्यांचं दुकान करायला ३० दिवस ठीक आहेत. सलूनमध्ये पाणी आलं. आधीच्या दुकानात एक हात धुवायचं बेसिनसुद्धा नसेल.

दोन गोष्टी सांगा. सांडपाण्याची नाळी गाळ्यात कुठे आहे? आणि केस धुवायच्या खुर्च्या तुम्ही कुठे ठेवताय?

कंगवाकात्री

नाळी मागच्या कोपऱ्यात, शौचालयाला लागून. धुवायच्या दोन खुर्च्या मी पुढे डाव्या भिंतीला काढल्या आहेत, आल्या आल्या दिसाव्यात म्हणून. मधलं अंतर पट्टीने मोजलं, साधारण चार मीटर.

ओळंबा

वाटलंच.

सांडपाण्याच्या दोन इंची पाइपला मी ४० ला १ असा उतार धरतो. म्हणजे चार मीटर लांबीला १० सेंटिमीटर उतार. त्यात पाइपची जाडी आणि वरचा थर मिळवला की जमीन जवळपास अर्धा फूट उचलावी लागते, नाहीतर खालची फरशी फोडावी लागते. खाली तळघर असेल तर फोडायचं नावच काढू नका, मालक कधीच हो म्हणणार नाही. म्हणजे चौथरा आला. चौथऱ्यावर जलरोधक थर, मग पाणी साठवून दोन-तीन दिवस गळती बघायची, मग फरशी. या दिवसांत बाकीचे कारागीर नुसते बसून असतात.

तुमच्या आराखड्याप्रमाणे माझ्या हिशेबाने तोडफोडीपासून चाचणीपर्यंत ४२ दिवस. खुर्च्या मागे नाळीच्या भिंतीला घेतल्या तर पाइप एक मीटरच्या आत राहतो, चौथरा वाचतो, ३४ दिवसांत काम होतं. केस अडकवणारी जाळीची पेटी तेवढी विसरू नका, नाहीतर तीन महिन्यांत नाळी तुंबेल आणि मालक दारात उभा.

उंटावरून

म्हणजे दोन महिने मागितले ते बरोबरच होतं. मी तेच म्हणत होतो.

शटर_अर्धं

मी मालक आहे, दोन गाळे आहेत. इथे सगळे भाडेकरूच्या बाजूने बोलतायत म्हणून लिहितो.

कुणी येऊन "दोन महिने माफ करा" म्हणालं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, हा माणूस दुकान उघडणार की नाही? एकाने माझ्याकडून ४० दिवस घेतले. भिंती फोडल्या, छताच्या पट्ट्या काढल्या. मग भागीदाराशी भांडण झालं आणि पसार. भाडं एक दिवसाचंही नाही, वर मलबा मी उचलला. दुसऱ्याने काम सुरूच केलं नाही, महिनाभर माल साठवायला गाळा वापरला. पुढच्याला मी १५ दिवसच दिले, त्याला कारण हे.

पण त्यानंतर एक मुलगी आली. तिने कागदावर आठवड्याचं काम लिहून आणलं होतं. या आठवड्यात प्लंबिंग, त्या आठवड्यात फरशी, या तारखेला उघडणार. शेवटी लिहिलं होतं, "मी मुदतीआधी सोडलं तर माफ केलेलं भाडं परत देईन." तिला मी ५० दिवस दिले. नुसता आकडा ऐकला की मी आकड्यानेच उत्तर देतो. काम दिसलं की दिवस देणं सोपं जातं.

कंगवाकात्री

@शटर_अर्धं, हे वाचून जरा ओशाळले. मी खरंच नुसता आकडा मागितला होता.

पण माफ केलेलं परत द्यायचं म्हणजे सगळं? दोन वर्षं भाडं भरून मी सोडलं तरी सगळं?

ओसरी

नाही, सगळं कबूल करू नका. उतरत्या हिशेबाने लिहा. ३६ महिन्यांच्या करारात दोन महिन्यांचं भाडं माफ झालं आणि तुम्ही १८ महिने पुरे करून सोडलं, तर अर्धा काळ उरला म्हणून अर्धी माफी परत, म्हणजे एक महिन्याचं भाडं. ३० महिन्यांनी सोडलं तर एक तृतीयांश महिना. लॉक-इन संपेपर्यंतच ही अट राहील, असाही प्रयत्न करून बघा, पण मालक हुशार असेल तर मानणार नाही.

आता पैशाचं बोलू. भाडं महिन्याला १०० धरतो. तीन वर्षं, दरवर्षी ५ टक्के वाढ, काहीही माफ नाही, तर मालकाला एकूण ३७८३ मिळतात. दोन महिने माफ केले तर ३५८३. आता मालक म्हणाला की माफी नको, त्याऐवजी भाडंच ९५ करतो, तर तीन वर्षांचे होतात ३५९४. म्हणजे तीन वर्षांपुरतं दोन्ही जवळपास एकच.

तरी बहुतेक मालक माफी पसंत करतात, कारण कागदावर भाडं १०० राहतं. पुढची वाढ १०० वर लागते, शेजारच्या गाळ्याला तोच भाव सांगता येतो, गाळा विकताना घेणारा तोच आकडा बघतो. बोलताना हे तुमच्या बाजूने वापरा. भाव पाडू नका, दिवस मागा.

उंटावरून

मग तर भाडेकरूने ९५ च घ्यायला हवेत! सलून एका जागी दहा वर्षं चालतं. चौथ्या वर्षापासून दर महिन्याला फरक पडेल. माफी एकदाच मिळते, कमी भाडं कायमचं.

ओसरी

हे खरं आहे, नाकारत नाही. नूतनीकरण त्याच ५ टक्क्यांनी झालं तर चौथ्या वर्षी महिन्याला पावणेसहाच्या आसपास फरक राहील, १०० च्या हिशेबात. पण नूतनीकरणाच्या वेळी मालक पुन्हा बाजारभाव काढतोच, तेव्हा तो फरक किती टिकेल कोण जाणे. आणि ताईंकडे पैसा कमी कधी आहे? पहिल्या दोन महिन्यांत. चौथ्या वर्षी नाही. मी असतो तर माफी घेतली असती, तुम्ही ९५ घेतले असते. दोघंही वेडे नाही.

ओळंबा

एक शंका. वार्षिक वाढ सहीपासून मोजतात की भाडं सुरू झाल्यापासून? सहीपासून मोजली तर दहा महिन्यांचंच भाडं भरून वाढ लागेल. यावर लोक फार भांडतात.

ओसरी

भांडतात, पण रक्कम छोटी आहे. वरच्याच उदाहरणात भाडं सुरू झाल्यापासून वाढ मोजली तर एकूण ३५६२ आणि वर काही पैसे, म्हणजे फरक साधारण २०. महिन्याच्या भाड्याचा पाचवा हिस्सा. मिळालं तर घ्या, त्यासाठी ताब्याची अट सोडू नका.

झुलता_पूल

माझा अनुभव जरा वेगळा आहे, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. माझं शिवणवर्ग आणि कापडाचं छोटं दुकान. करारात होतं की भाडं ४० दिवसांनी किंवा व्यवसाय सुरू झाला की, जे आधी असेल तेव्हापासून. मला वाटलं, बरं आहे. २६ व्या दिवशी मी ओळखीच्या दहा-बारा जणींना बोलावून वर्गाची चाचणी घेतली, कापडाचे चार तुकडे विकले. मालकाने फोटो पाहिला आणि २६ व्या दिवसापासून भाडं लावलं. १४ दिवसांचं भाडं गेलं, चार तुकड्यांपायी!

"व्यवसाय सुरू" म्हणजे काय, ते लिहून घ्या. आणि आणखी एक. माफी फक्त भाड्याची होती. इमारतीचा देखभाल खर्च, वीज, पाणी पहिल्या दिवसापासून माझ्याच माथी. ते बिल आल्यावर मी चकित झाले, पण कागदात होतं, मीच वाचलं नव्हतं.

शटर_अर्धं

देखभाल खर्च भाडेकरूनेच द्यावा असं माझंही मत आहे. तो मलाही पुढे भरावाच लागतो. पण त्या चार तुकड्यांवर भाडं लावणं जरा जास्तच झालं. "ग्राहकांसाठी रोजच्या वेळेत दुकान उघडं" असं लिहिलं की वाद उरत नाही.

ओळंबा

कामाच्या वेळा पण विचारा ताई. काही इमारतींत दुपारी ठोकाठोकी बंद असते, सुट्टीच्या दिवशी ड्रिलिंग बंद असतं. माझे ३४ दिवस पूर्ण वेळ काम धरून आहेत. रोज दोन तास गेले तर सहज आठवडाभर वाढतो.

कंगवाकात्री

मंडळी, बारा दिवसांनी परत येतेय. सगळ्यांचे आभार आधी मानते, मग सांगते.

पहिलं म्हणजे खुर्च्या मागे घेतल्या. मन मानत नव्हतं, पण चौथऱ्याचा खर्च ऐकल्यावर मानलं. ठेकेदाराला ओळंबांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. तो गप्प झाला आणि स्वतःच ३५ दिवसांवर आला. इमारतीत दुपारी दोन तास आवाजाचं काम बंद असतं, म्हणून आणखी ६ धरले. ४१. चार दिवस परवान्याच्या तपासणीसाठी हातचे ठेवले, ४५ झाले.

मग दोन पानांचा कागद घेऊन मालकांकडे गेले. आठवडावार काम, खुर्च्यांची जागा दाखवणारा नकाशा, नाळीचा रस्ता, उघडायची तारीख. ४५ दिवस ताब्यापासून मागितले आणि सांगितलं की भाड्याच्या आकड्याला मी हात लावत नाही. ते बराच वेळ नकाशाच बघत होते. पहिला प्रश्न काय, तर "फरशी फोडणार नाही ना?" दिवसांबद्दल नाहीच!

ठरलं ते असं. माफी ४५ दिवस, ताब्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून गाळा बघायचा, मीटरचा आकडा, नळ, छत सगळ्याचे फोटो काढून त्यावर सह्या. मालकाकडून काही अडलं तर तितके दिवस पुढे. देखभाल खर्च आणि वीज माझी, पहिल्या दिवसापासून. मुदतीआधी सोडलं तर उतरत्या हिशेबाने परत. वाढ मात्र सहीपासूनच, त्यावर ते हटले नाहीत, मीही ताणलं नाही.

छताला मागे एक ओल दिसली. ती दुरुस्त केल्याशिवाय ताबा धरायचा नाही, हेही लिहिलं. ओसरी, तुमचा औषधाच्या दुकानाचा किस्सा डोक्यात होता म्हणून नजर वर गेली.

ओसरी

ओलीचं छान केलंत. फक्त दुरुस्तीनंतर लगेच रंग मारून "झालं" म्हणू देऊ नका. कोरडं आहे का ते दोन-तीन दिवसांनी हात लावून बघा, मगच फोटोवर सही.

विजेच्या भाराचं काय झालं? दोन गीझर, एसी, ड्रायर एकदम चालू झाले तर कपड्यांच्या दुकानाचा मीटर टिकणार नाही.

कंगवाकात्री

तिथेच अडलंय. भार वाढवायला अर्ज मालकांच्या नावाने करायचा हे त्यांना मान्य आहे, सही देतायत. पण भार वाढल्यावर जी अनामत भरावी लागते ती मी भरावी म्हणतात. आणि मी गाळा सोडल्यावर ती त्यांच्या नावावरच राहणार. शिवाय माझं डिपॉझिट सगळं सहीलाच हवंय, मी अर्धं सहीला आणि अर्धं ताब्याला म्हणतेय. ओल काढायला किती दिवस लागतील माहीत नाही, तोवर पूर्ण रक्कम त्यांच्याकडे अडकलेली.

शटर_अर्धं

डिपॉझिटचं तुमचं बरोबर आहे. ताबा न देता पूर्ण रक्कम मी तरी मागत नाही. पण विजेच्या अनामतीचं त्यांचं बरोबर वाटतं, भार तुम्हाला हवाय.

ओळंबा

असं कसं? वाढलेला भार गाळ्याला कायमचा चिकटणार, पुढच्या भाडेकरूला ते तोच दाखवून जास्त भाडं घेतील. फार तर ताईंनी भरावी आणि सोडताना डिपॉझिटबरोबर परत मिळावी.

शटर_अर्धं

पुढचा भाडेकरू पुस्तकांचं दुकान काढणारा निघाला तर? मग तो जादा भार मी काय करू, मलाच दर महिन्याला त्याचा स्थिर आकार पडणार.

कंगवाकात्री

हाच वाद आमच्यात झाला, अगदी याच शब्दांत. शुक्रवारी पुन्हा भेटतोय. ओळंबांचं म्हणणं मांडून बघते, नाही ऐकलं तर निम्मी-निम्मी म्हणेन. काय होतं ते इथे लिहीन.